नववी ‘ब’, गट क्रमांक 3: पाण्याच्या हिशोबाच्या नोंदी

(मुलांची नावं बदलली आहेत. बाकी वहीत होतं तसंच, फक्त जरा नीट करून.)

2 जुलै 2024, मंगळवार

जलसुरक्षेचा प्रकल्प यंदा गटाने करायचा ठरलं. गट 3 मध्ये सहा जण: ओंकार, सई, तन्वी, फैजान, गौरी, विशाल. विषय त्यांनीच निवडला: शाळेत पाणी किती वाया जातं आणि पावसाचं किती मिळू शकतं. सहा आठवडे आहेत.

गेल्या वर्षी मी “तुम्ही तुमचं वाटून घ्या” म्हणून मोकळी झाले होते. एका मुलीने सगळं केलं, बाकीच्यांनी मुखपृष्ठावर नावं लिहिली. म्हणून यंदा वाटणी माझ्यासमोर.

फळ्यावर लिहिलं: कोणाला काय चांगलं जमतं? उत्तरं ठरलेलीच आली. ओंकार गणितात हुशार, सईचं चित्र छान, गौरीचं अक्षर मोत्यासारखं. तन्वी म्हणाली, “मला काही विशेष येत नाही, मॅडम.” फैजानने खांदे उडवले. विशाल काहीच बोलला नाही. तो तसाही वर्गात बोलत नाही.

ही यादी बघून लगेच वाटणी करणार होते. मग लक्षात आलं की हे सगळे गुण निकालपत्रकावर दिसणारे आहेत. या प्रकल्पात गळणारा नळ मोजायचाय, रोज ठरल्या वेळी पाऊस बघायचाय, शिपाई मामांकडून पंपाची माहिती काढायचीय. यातलं कोणाला जमतं ते मलाच माहीत नाही. वाटणी दोन दिवस पुढे ढकलली.

4 जुलै, गुरुवार

आज एक तास चाचणी घेतली. तीन ठिकाणं, सगळ्यांनी तिन्ही ठिकाणी जायचं. पहिलं: मुलांच्या स्वच्छतागृहाबाहेरचा गळका नळ, त्याखाली मोजपात्र धरून दोन मिनिटांत किती पाणी जमतं ते तीनदा मोजायचं. दुसरं: टेपने वर्गखोली मोजून कागदावर आराखडा काढायचा. तिसरं: मामांना टाकीबद्दल पाच प्रश्न विचारून उत्तरं आणायची.

ओंकारचे नळाचे आकडे: 40, 55, 50 मिलिलिटर. दोन मिनिटं थांबणं त्याला जमेना, घड्याळाकडे न बघता तो पात्र काढून घेत होता. फैजानचे: 42, 43, 42. उकिडवा बसला, पात्र सपाट फरशीवर ठेवलं, डोळे पाण्याच्या रेषेला समांतर आणले आणि मग वाचलं. हे त्याला कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाला, “अब्बूंच्या दुकानात रंग मोजून मिसळतो, चुकलं की शेड बदलतो.” त्यांचं घरकामाच्या रंगाचं दुकान आहे. तीन वर्षं हा मुलगा माझ्या वर्गात आहे आणि मला हे आज कळलं.

विशाल मामांकडे गेला तो वीस मिनिटं परत आलाच नाही. बाकीचे पाच उत्तरं घेऊन आले. विशालकडे अकरा होती, कारण मामा त्याला पंपाच्या खोलीत घेऊन गेले होते.

तन्वीचे आकडे साधारण होते. पण तिने प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहिली होती, न सांगता.

5 जुलै, शुक्रवार

वाटणी झाली. प्रत्येक कामाला एक मुख्य आणि एक जोडीदार. मुख्य तो, ज्याला ते आत्ता जमतं. जोडीदार तो, ज्याला ते शिकायचंय. जोडीदार मुलांनीच निवडायचा, मी नाही.

नळांची गळती: फैजान, जोडीदार ओंकार (तोंड वाकडं करून). पर्जन्यमापक आणि रोजची नोंद: तन्वी, जोडीदार विशाल. छताचं मोजमाप आणि आकडेमोड: ओंकार, जोडीदार सई. टाकी, पंप, मामांशी बोलणं: विशाल, जोडीदार फैजान. आकृत्या: सई, जोडीदार तन्वी. अहवाल आणि नोंदफलक: गौरी.

गौरीला जोडीदार कोणीच मिळेना. तिने हात वर केला. “मॅडम, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला टेप कधी धरायलाच मिळणार नाही का?”

खरं तर तिसरीपासून प्रत्येक हस्तलिखित, प्रत्येक फलक, प्रत्येक आभारपत्र तिच्याकडेच येतं. अहवाल तिच्याकडेच ठेवला, पण लेखन दोघांत विभागलं: तन्वी कच्चं लिहील, गौरी पक्कं करेल. आणि छताच्या मोजमापात ओंकारला दुसरी जोडीदार म्हणून गौरी. ओंकार खूश नव्हता. चालेल.

नोंदफलक दोन ठिकाणी. एक वर्गाच्या मागच्या भिंतीवर कार्डशीट, दुसरा गूगल शीटमध्ये. सहापैकी तिघांच्या घरी फोन वडिलांसोबत कामावर जातो आणि रात्री आठनंतर परत येतो, म्हणून नुसत्या शीटवर भागणार नाही. नियम असा की भिंत ही मूळ प्रत. शाळा सुटताना पाच मिनिटांत भिंतीवरचं शीटमध्ये उतरायचं, रोज वेगळ्याने.

रकाने पाचच: काम, मुख्य, जोडीदार, तारीख, पुरावा. आधी ‘स्थिती’ असा रकाना ठेवला होता, ‘सुरू / झालं’ लिहायला. काढून टाकला. ‘झालं’ लिहायला काही लागत नाही. पुराव्याच्या रकान्यात वहीचं पान क्रमांक, फोटो किंवा आराखडा कुठे आहे ते लिहायचं. रकाना रिकामा म्हणजे काम झालेलं नाही, कोणी काहीही म्हणो.

शीटमध्ये सहाव्या रकान्यात हे टाकलं, मुदत उलटून पुरावा नसेल तर शीट आपोआप ओरडेल:

```
=IF(AND(D2<TODAY(),E2=""),"थकलं","")
```

तपासणीचे तीन शनिवार: 13 जुलै, 27 जुलै, 10 ऑगस्ट. तपासणीत काम समजावून सांगायचं ते जोडीदाराने. मुख्याने गप्प बसायचं.

13 जुलै, शनिवार (पहिली तपासणी)

सकाळची शाळा, सुटल्यावर एक तास.

छतापासून सुरुवात. ओंकारने जुन्या इमारतीचं कौलारू छत मोजलं होतं. लांबी 30 मीटर. शिडी लावून मामांनी टेपचं टोक पाखाडीच्या शेंड्याला धरलं, तिथून वळचणीपर्यंत 4.6 मीटर. दोन बाजू म्हणून 9.2. एकूण 276 चौरस मीटर. गुणाकार बरोबर, मांडणी नेटकी, मीही पुढे सरकणार होते.

पण सांगायचं होतं सईने. तिला आकड्यांनी बोलता येत नाही, तिने फळ्यावर इमारत आडवी कापल्यासारखी काढली: दोन भिंती, वर त्रिकोणी छत, आणि वरून सरळ खाली येणाऱ्या पावसाच्या रेषा. रेषा काढता काढता तिचा हात थांबला.

“अरे, पण पाऊस तर या दोन भिंतींच्या मधल्या रुंदीएवढाच पडतोय ना? छत तिरकं केलं म्हणून आभाळातून जास्त कसा पडेल?”

वर्गात शांतता. ओंकार उठला, फळ्याजवळ गेला, रेषा मोजल्या. मग पुटपुटला, “जमिनीवरची रुंदी घ्यायला पाहिजे होती.” ती 8 मीटर आहे. म्हणजे 240 चौरस मीटर, 36 कमी. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, तेव्हा 10 मिलिमीटरच्या एका सरीत 360 लिटरचा फरक पडला असता, तोही आपल्या फायद्याचा खोटा फरक.

ओंकारने स्वतः सांगितलं असतं तर त्याने गुणाकार सांगितला असता आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली असती. जोडीदाराने बोलायचा नियम मी फक्त एकट्याने काम ओढू नये म्हणून केला होता. तो चूकही पकडतो हे माझ्या डोक्यात नव्हतं.

पर्जन्यमापक ठीक. सरळ भिंतींची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवलेला, बाहेर पट्टी चिकटवलेली. बाटलीचं बूड आत वर आलेलं असतं, तिथे तन्वीने आधी पाणी भरून शून्याची रेष वर घेतली होती. रोज सकाळी आठला नोंद, एकही दिवस चुकलेला नाही.

15 जुलै, सोमवार

गडबड. भिंतीवर दोन कामं उघड थकलेली दिसतात, 12 आणि 13 तारखेची, पुरावा कोरा. शीटमध्ये मात्र ‘थकलं’ कुठेच नाही. ओंकार म्हणाला सूत्र चुकलंय. मी अर्धा तास सूत्रच बघत बसले.

गौरीने पकडलं. “मॅडम, 13/7 डावीकडे चिकटलंय आणि 12/7 उजवीकडे. असं का?” अक्षर बघणारीचे डोळे! शीट अमेरिकन पद्धतीवर होतं, तिथे महिना आधी. 12/7 त्याने 7 डिसेंबर समजून घेतलं, म्हणजे अजून पाच महिने अवकाश. 13/7 मध्ये तेरावा महिना नसतो, म्हणून ती तारीख न राहता नुसता मजकूर झाला, आणि मजकूर कधी ‘थकत’ नाही.

`File > Settings > Locale` मध्ये India केलं. आधी टाकलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या पुन्हा टाइप कराव्या लागल्या. केल्याबरोबर दोन ओळी ‘थकलं’ म्हणून उठल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या, स्वतःच्याच थकबाकीला.

19 जुलै, शुक्रवार

बुधवारी आषाढी आणि मोहरमची सुट्टी होती. काल फैजान उशिरा थांबलेला दिसला, आजही. विचारलं तर म्हणे नळ मोजतोय.

फलकावर त्याच्या नावावर ओळी दोन, तन्वीच्या नावावर सहा. मला वाटत होतं तन्वीवर भार जास्त आहे. आज बसून मोजलं. फैजानची ती एक ओळ, ‘चार नळांची गळती मोजणे’. चार नळ, दिवसातून दोन वेळा, पाच दिवस, दर वेळी तीन वाचनं. 120 वाचनं, प्रत्येकी दोन मिनिटं. नुसती मोजणीच चार तास, धावपळ वेगळी. तन्वीची प्रत्येक ओळ दहा मिनिटांची.

ओळी मोजून भार कळत नाही. नवीन नियम: जे काम दोन दिवसांत संपणार नाही ते एका ओळीत लिहायचं नाही. फैजानची ओळ फोडून चार केल्या, प्रत्येक नळाची एक. दोन नळ ओंकारकडे गेले. तो आता दोन मिनिटं थांबतो, कारण फैजान शेजारी घड्याळ घेऊन उभा राहतो आणि त्याला पात्राला हात लावू देत नाही.

23 जुलै, मंगळवार

विशाल कालपासून नाही. घरी सोयाबीनची खुरपणी चालू आहे, गुरुवारपर्यंत येणार नाही असा निरोप आला. त्याचं काम फैजानकडे जायला हवं, पण तो नळांत अडकलेला. गौरी म्हणाली, मी मामांशी बोलते. गेली आणि दोन वाक्यांत परत आली, मामा तिला “हो बाळा, बघू” एवढंच म्हणाले. विशालशी ते शेतीबद्दल बोलतात. ही जागा दुसऱ्याने भरण्यासारखी नाही. तारीख चार दिवस पुढे नेली, आणि फलकावर कारण लिहिलं, लपवलं नाही.

27 जुलै, शनिवार (दुसरी तपासणी)

गळती. सांगणार ओंकार, कारण तो जोडीदार.

सकाळी चारही नळांचं मिळून दोन मिनिटांत 90 मिलिलिटर. म्हणजे मिनिटाला 45, तासाला 2.7 लिटर, चोवीस तासांत जवळजवळ 65 लिटर. त्याने आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

फैजानची वही उघडी होती. त्यात दुपारी चारचे आकडेही होते, आणि ते सगळीकडे कमी: एकूण 72. ओंकारने ते घेतलेच नव्हते, “कमी आले म्हणून चुकले असतील.” चुकले नव्हते. सकाळी टाकी भरलेली, दुपारी पाण्याची पातळी खाली, दाब कमी, गळतीही कमी. पाच दिवस हेच. सरासरी 81 धरायची ठरलं.

मागच्या बाकावरून विशालचा आवाज आला. वर्गासमोर त्याने बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. “मामा साडेपाचला टाकीचा कॉक बंद करतात. सकाळी साडेसातला उघडतात.”

म्हणजे रात्री गळतच नाही. दिवसाचे दहाच तास. मिनिटाला 40.5 मिलिलिटर, तासाला 2.43 लिटर, दहा तासांचे सुमारे 24 लिटर. 65 चे 24 झाले. ओंकारचा चेहरा पडला. “मॅडम, मग आपल्या प्रकल्पात काहीच नाही उरलं.”

विशाल पुन्हा म्हणाला, “टाकी भरून वाहते त्याचं काय?”

कोणाच्याच यादीत ते नव्हतं. माझ्याही नाही. मामा पंप सुरू करतात आणि गेटवर घंटा द्यायला जातात. टाकी भरली की वरच्या पाइपातून पाणी मागच्या भिंतीजवळ पडतं, मोरीतून निघून जातं. परत येईपर्यंत चालू. मामांनी हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अकरा उत्तरांतलं एक. आम्ही पाचच विचारली होती, म्हणून बाकी सहा कोणी वाचली नाहीत.

फलकावर नवी ओळ: ‘टाकीचं वाहणं मोजणे’, मुख्य विशाल, जोडीदार गौरी. पुरावा: बादली आणि घड्याळाचा फोटो.

5 ऑगस्ट, सोमवार

मोजणी झाली. 15 लिटरची बादली पाइपाखाली धरली, 50 सेकंदांत भरली. मिनिटाला 18 लिटर. पाच दिवस विशालने वाहण्याची वेळ लिहिली: 12, 9, 15, 0, 14 मिनिटं. शून्याच्या दिवशी वीज नव्हती. शून्य धरायचं की वगळायचं यावर दहा मिनिटं भांडण. धरायचं ठरलं, वीज जाते हेही शाळेचंच वास्तव. सरासरी 10 मिनिटं, दिवसाला 180 लिटर. चार नळांच्या सातपटीहून जास्त.

शनिवारी तन्वीच्या बाटलीत 10 मिलिमीटर पाऊस होता. 240 चौरस मीटरवर 2,400 लिटर. कौलं भिजण्यात आणि पन्हाळीबाहेर उडण्यात जातं म्हणून मुलांनी पाचवा हिस्सा सोडून दिला, राहिले 1,920. हा पाचवा हिस्सा अंदाज आहे, मोजलेला नाही, असं अहवालात लिहायचं गौरीनेच सुचवलं.

10 ऑगस्ट, शनिवार (तिसरी तपासणी)

रंगीत तालीम. सईच्या आकृतीत टाकीची बादली नळांच्या बादलीपेक्षा दुप्पटच दिसत होती. तिने उंची सातपट काढायला जागा नाही म्हणून दोन्ही लहान-मोठ्या करून ‘साधारण’ काढल्या होत्या. तन्वीने सांगताना अडखळून विचारलं, “मग यात सातपट कुठे आहे?” शेवटी बादल्या सोडून तांबे काढले: नळांसाठी 24 तांबे, टाकीसाठी 180, प्रत्येक तांब्या एक लिटर. कार्डशीटचा अर्धा भाग तांब्यांनी भरला. कुरूप दिसतंय, पण खरं आहे.

शीटमध्ये ‘थकलं’ शून्य.

14 ऑगस्ट, बुधवार

मुख्याध्यापकांसमोर आणि संस्थेच्या दोन सदस्यांसमोर मांडणी. इथेही जोडीदारच बोलले. सदस्यांपैकी एकांनी विचारलं, दोष मामांचा का? विशाल म्हणाला, “नाही सर, मामांना घंटाही द्यायची असते आणि पंपही बघायचा असतो, दोन्ही एकाच वेळी.” याआधी त्याला मोठ्या माणसाला असं उत्तर देताना मी पाहिलेलं नाही.

ठरलं ते: नळांना नवे वॉशर, आणि पंपासाठी टाकी भरली की आपोआप बंद होणारा स्विच. वॉशरचं शाळा बघेल. स्विचसाठी दरपत्रक आणायचं काम माझ्याकडे.

22 ऑगस्ट, गुरुवार

वॉशर बसले. फैजानने न सांगता पुन्हा मोजलं: तीन नळ शून्य, चौथा अजून दोन मिनिटांत 6 मिलिलिटर. प्लंबर म्हणाला, आतली बैठक झिजलीये, वॉशरने भागणार नाही, नळ बदलावा लागेल. नवी ओळ पडली.

गट 3 चा फलक काढायला गेले तर मुलांनी काढू दिला नाही. सगळ्यात खाली एक ओळ आहे, गौरीच्या अक्षरात: ‘स्विचचं दरपत्रक’. मुख्य: मॅडम. जोडीदार: विशाल. तारीख: 20/8. पुरावा कोरा. शीट उघडून पाहिलं, तिथे ती ओळ आधीच ‘थकलं’ झालीये. विशाल दुपारच्या सुट्टीत येऊन शांतपणे उभा राहिला. तालुक्याच्या बाजारात ते दुकान गुरुवारी बंद असतं, त्याने आधीच विचारून ठेवलंय. उद्या जाते.